सकाळी डोकं जड, रात्री घोरणं, दिवसा पेंग : झोपेत श्वास अडतो का, हे घरी कसं ओळखायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर डॉक्टर ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



आज मी एकाच तक्रारीवर बोलणार आहे. ओपीडीत ती रोज येते, पण तीन तुकड्यांत येते आणि तीन वेगळ्या दिवशी येते. एक बाई म्हणते, सकाळी उठलं की डोकं जड असतं, गोळी द्या. दुसऱ्या महिन्यात तीच बाई म्हणते, दिवसभर अंगात जीव नसतो, बसलं की डोळा लागतो, ताकदीचं सलाईन लावा. तिसरी गोष्ट ती कधीच सांगत नाही, कारण ती तिला माहीतच नसते. ती रात्री मोठ्याने घोरते. ते माहीत असतं शेजारी झोपलेल्या लेकीला नाहीतर सुनेला. आणि सुनेला वाटतं, सासूबाई घोरतात हे डॉक्टरला काय सांगायचं?

हे तीन तुकडे एकत्र ठेवले तर एका आजाराची शंका येते. त्याचं नाव स्लीप ॲप्निया. म्हणजे झोपेत श्वास मध्येच अडणं. आपल्याकडे बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते बप्पी लाहिरी गेले तेव्हा. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत ते वारले, वय ६९. त्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे नाव घेतलं आणि टीव्हीवर दोन दिवस तोच शब्द चालला. त्यामुळे झालं असं, की लोकांना वाटलं हा मोठ्या माणसांचा, पैसेवाल्यांचा आजार. तो तसा नाही. तो आपल्या गावातही आहे, फक्त त्याला आपण आजार म्हणत नाही.

घोरण्याला आपण गाढ झोप समजतो

घोरण्याला आपण काय म्हणतो? "काय मस्त झोप लागलीय बघा." कन्नडमध्ये त्याला गोरके म्हणतात, तिथेही हाच समज. खरं तर घोरणं म्हणजे झोप चांगली असल्याची खूण नाही. घोरणं म्हणजे हवेची वाट अरुंद झाल्याचा आवाज.

घशात काय होतं ते सांगते. नाकातून आलेली हवा जिभेच्या मागून घशात उतरते. घशाचा तो भाग हाडाचा नाही, मांसाचा आहे. जागेपणी तिथले स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोप लागली की अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, तसे तेही सैल पडतात. ठिबकच्या मऊ नळीतून तोंडाने जोरात हवा ओढली तर नळी आत चेपते, बघा. घशाचं तसंच होतं. वाट थोडी चेपली की हवा फडफडत जाते, ते घोरणं. वाट पूर्ण चेपली की हवाच जात नाही. छाती-पोट हलत असतं, माणूस श्वास ओढायचा प्रयत्न करत असतो, पण आवाज बंद. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त.

मग मेंदू घाबरून जागा होतो. घशाचे स्नायू पुन्हा ताठ होतात, मोठा घुर्रर्र आवाज होऊन श्वास सुटतो आणि माणूस लगेच पुन्हा झोपतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, म्हणून सकाळी आठवत नाही. पण असं तासाला वीस-तीस वेळा झालं तर रात्रभरात झोप शंभर-दोनशे ठिकाणी तुटते. आठ तास अंथरुणात पडूनही ती बाई झोपलेलीच नसते. म्हणून दिवसा पेंग.

सकाळी डोकं का दुखतं? श्वास अडला की अंगातली खराब हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडत नाही आणि रक्तात साठते. तिच्यामुळे डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात. प्राणवायूही कमी पडतो आणि झोप तुटलेली असतेच. ही सगळी कारणं मिळून डोकं दुखत असावं असं मानलं जातं. उठून चालू-फिरू लागलं, श्वास नीट चालू झाला की दोन-चार तासांत ते आपोआप उतरतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बायकांचं निदान का राहून जातं?

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास छापला. ३५ ते ६५ वयाच्या शहरातल्या पुरुषांची त्यांनी झोपेत तपासणी केली. शंभरात साधारण १९-२० जणांचा श्वास झोपेत अडत होता, आणि त्याबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रासही असलेले शंभरात सात-आठ होते. आता यातलं एक बघा, तपासलेले सगळे पुरुष होते. बरीच वर्षं हा पुरुषांचाच आजार समजला गेला.

बायकांमध्ये तो पाळी जाईपर्यंत कमी दिसतो. पाळी गेली की वाढतो. शिवाय बाई आपली तक्रार वेगळ्या शब्दांत सांगते. पुरुष म्हणतो, "गाडी चालवताना डोळा लागला." बाई म्हणते, "थकवा येतो, झोप नीट लागत नाही, मन लागत नाही, सकाळी डोकं दुखतं." मग तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, नाहीतर झोपेच्या. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त अडू शकतो. म्हणून हे बोलायला बाईजवळ योग्य शब्द असले पाहिजेत. आजचं भाषण त्याच्यासाठी आहे.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता आपण एक उदाहरण घेऊ. समजा, एक मावशी आहेत. वय ५२, पाळी जाऊन चार वर्षं झाली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. बीपीची एक गोळी दोन वर्षांपासून चालू, तरी बीपी १५० च्या खाली येत नाही. रोज सकाळी कपाळावर आणि दोन्ही कानशिलांवर दाबल्यासारखं दुखतं. चहाबरोबर दुकानातली डोकेदुखीची गोळी घेतात. गटाच्या बैठकीत हिशोब वाचताना त्यांना पेंग येते, आणि एकदा कडबा कुट्टीच्या मशीनजवळ बसल्या बसल्या डोळा लागला, सुनेने हाक मारली म्हणून हात वाचला.

यांना घेऊन आपण पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी, घरातल्या माणसाने रात्री बघणं. हे काम सुनेचं. झोप लागून तासभर झाला की ती दहा-पंधरा मिनिटं जागी बसते. घोरण्याचा आवाज मध्येच थांबला की मनात सावकाश एक, दोन, तीन मोजायला लागते. दहापर्यंत पोचली, छाती हलतेय पण श्वासाचा आवाज नाही, आणि मग एकदम धडपडून श्वास आला, तर तो एक अडथळा. मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायचा. दिवा लावायची गरज नाही, आवाज आणि छातीची हालचाल कळली तरी पुरे. मावशी पाठीवर झोपलेल्या असताना एकदा आणि कुशीवर असताना एकदा काढा. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते, म्हणून अनेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. हा व्हिडिओ डॉक्टरला दाखवायला लाजू नका. दहा प्रश्नांनी जे कळत नाही ते त्या पाच मिनिटांत कळतं.

दुसरी पायरी, सात दिवसांची नोंद. गटाच्या वहीसारखी साधी वही. रोज चार गोष्टी लिहायच्या : उठल्यावर डोकं दुखलं का, किती वाजेपर्यंत दुखलं, गोळी घेतली का, दिवसा नको तिथे डोळा लागला का. "नको तिथे" म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. दुपारी जेवून आडवं झाल्यावर झोप येणं यात विशेष नाही. पण एसटीत बसल्या बसल्या, कीर्तनात, बैठकीत, कुणाशी बोलता बोलता, चुलीपुढे बसून भाकरी थापताना डोळा लागत असेल तर ते लिहा. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये अशाच आठ प्रसंगांची प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. डॉक्टर तुम्हाला तेच विचारतील.

तिसरी पायरी, बीपी आणि साध्या तपासण्या. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर मोफत बघतात. सकाळी, चहा आणि तंबाखू-मिश्रीच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा मोजायचं. मावशींचं आलं १५२/९६. वजन, उंची आणि गळ्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून घ्यायचा. मावशींचा गळा आला ३९ सेंटिमीटर. रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायचं, कारण थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, सुस्ती येते, आवाज घोगरा होतो आणि घोरणंही वाढतं. मावशींचं दोन्ही बरोबर निघालं.

आता डॉक्टर मनात आठ गोष्टींची बेरीज करतात. मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी बघितला का, बीपी, खूप जास्त वजन, पन्नासच्या पुढचं वय, जाड गळा, आणि पुरुष असणं. तीनपेक्षा कमी असतील तर शक्यता कमी. पाच किंवा जास्त असतील तर शक्यता बरीच. मावशींच्या किती? घोरणं एक, थकवा दोन, सुनेने श्वास थांबलेला पाहिला तीन, बीपी चार, वय पाच. वजन जास्त आहे पण या मोजणीच्या रेघेच्या थोडं खाली, गळाही थोडा खाली. तरी पाच झाल्या. म्हणजे पुढची तपासणी करायलाच हवी.

चौथी पायरी, झोपेची तपासणी. हिला स्लीप स्टडी म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही, सुई नाही, रक्त नाही. नाकापाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी. हे लावून रात्रभर झोपायचं. काही ठिकाणी दवाखान्यात झोपवतात, काही ठिकाणी छोटं यंत्र घरी देतात. अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा आणि चिठ्ठी घेऊन सोलापूरला सिव्हिलमध्ये छातीरोग किंवा कान-नाक-घसा विभागात विचारा, "झोपेची तपासणी इथे होईल का, नाहीतर कुठे पाठवाल?" हे वाक्य तसंच विचारायचं. नुसतं "डोकं दुखतं" म्हटलं तर पुन्हा गोळीच मिळेल.

मावशी त्या रात्री सात तास झोपल्या. सात तासांत १५४ अडथळे मोजले गेले. १५४ भागिले ७, तासाला २२. हाच आकडा महत्त्वाचा असतो. तासाला पाचपेक्षा कमी तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. मावशी मध्यम. बोटाच्या चिमटीवर एरवी ९६ असणारा प्राणवायू रात्री ८२ पर्यंत खाली जात होता. आता कळलं, एका गोळीने बीपी का उतरत नव्हतं. दर वेळी श्वास अडला की हृदयाला झटका बसतो आणि बीपी वर जातं. रात्रीत दीडशे वेळा असं झालं तर दिवसाही ते खाली येत नाही.

उपचार : मशीन, वजन, कुशी

मध्यम आणि तीव्र आजारात सगळ्यात भरवशाचा उपचार म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये त्याचं काम पहिल्यांदा छापलं. कल्पना अगदी साधी आहे. छोटा पंखा मास्कमधून नाकात हलक्या दाबाने हवा सोडत राहतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चेपत नाही, तसा घसा आतून हवेने उघडा राहतो. ही साधी हवा असते, ऑक्सिजन नव्हे. पुष्कळजणी विचारतात, "म्हणजे मी सिलिंडरवर का?" नाही. सवय लागत नाही, फुप्फुसं कमजोर होत नाहीत. चष्म्यासारखं आहे, लावलं तोवर उपयोग.

नीट चाललं तर सकाळची डोकेदुखी आणि दिवसाची पेंग काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते. बीपीही थोडं उतरतं, पण बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता पैशाचं बोलू, कारण आपण गटाच्या बायका आहोत. मशीन साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे मिळतं. कर्ज मागण्याआधी तीन गोष्टी करा. एक, तपासणीचा कागद हातात असल्याशिवाय मशीन घेऊ नका. मशीनमधला हवेचा दाब माणसागणिक वेगळा लागतो, तो तपासणीवरून ठरतो. दोन, आधी महिनाभर भाड्याने मिळतं का विचारा. काहींना मास्क सहन होत नाही, मग मशीन कपाटात जातं आणि हप्ता चालू राहतो. तीन, मास्क चेहऱ्यावर बसवून बघा. बाईचा चेहरा लहान असतो, मोठा मास्क दिला तर कडेने हवा सुटते, डोळे कोरडे पडतात आणि झोप मोडते. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज करून घ्या. मशीन रोज रात्री लावायचं असतं. आठवड्यातून दोनदा लावून फरक कळत नाही. निदान चार तास तरी, खरं तर पूर्ण झोपेभर. ज्या गावात रात्री लाइट जाते तिथे इन्व्हर्टरचाही विचार आधी करा. मशीन बंद पडलं तर माणूस गुदमरत नाही, मास्कला हवेची वाट असते, पण त्या वेळापुरता उपचार थांबतो.

मशीन नको किंवा आजार सौम्य असेल तर काय? वजन कमी केल्याने नक्की फरक पडतो. शरीराच्या वजनाचा दहावा भाग उतरला तर अडथळे साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतात असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मावशींचे ७८ किलो, दहावा भाग म्हणजे आठेक किलो. तासाला २२ चे सोळा-सतरा होतील. चांगलं आहे, पण बघा, तरीही आजार मध्यमच राहिला. म्हणून नुसत्या वजनावर विसंबून वर्षभर थांबायचं नाही, दोन्ही एकत्र करायचं.

ज्यांचा श्वास पाठीवर झोपल्यावरच अडतो त्यांनी कुशीवर झोपायचं. झोपेत माणूस पुन्हा पाठीवर वळतो, म्हणून गाऊनच्या किंवा पोलक्याच्या मागे, पाठीच्या मधोमध खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवतात. पाठीवर वळलं की टोचतं, माणूस परत कुशीवर जातो. फुकटातला उपाय आहे, पण तीव्र आजाराला तो पुरणार नाही. घरात कुणी दारू घेत असेल तर त्याचं घोरणं त्या रात्री वाढलेलं तुम्ही पाहिलंच असेल. दारूनेही घसा सैल पडतो. तंबाखूच्या धुराने घशाला सूज येते. आणि बारीक माणसाला हा आजार होत नाही असं समजू नका. जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील तर बारीक माणसाचाही श्वास अडतो. रोज घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं लेकरू असेल तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. लेकरांमध्ये बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागची गाठ हे कारण असतं.

सकाळची प्रत्येक डोकेदुखी ही नव्हे

आता दुसरी बाजू. घोरणाऱ्या बाईचं डोकं दुखलं म्हणजे स्लीप ॲप्नियाच असं नाही. मी म्हटलं होतं ना, खूण लक्षात ठेवा? श्वास अडल्याची डोकेदुखी बहुतेकदा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी, मळमळ किंवा उजेडाचा त्रास नसलेली आणि उठल्यावर चार तासांच्या आत उतरणारी असते. महिन्यातल्या निम्म्याहून जास्त सकाळी असते. याच्याशी जुळत नसेल तर इतर कारणं बघावी लागतात. आपल्या भागात नेहमी सापडणारी तीन सांगते.

पहिलं कारण, रोजची गोळी. आपल्या उदाहरणातल्या मावशींनाही हे होतंच. साधी डोकेदुखीची गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, की गोळीच डोकं दुखवायला लागते. रात्रीत गोळीचा अंमल उतरतो आणि पहाटे डोकं ठणकतं. मग पुन्हा गोळी. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांनी तर महिन्यात दहा दिवसांतच हे होऊ शकतं. शिवाय अशा काही गोळ्यांनी बीपी वाढतं, पोटात जखम होते आणि मूत्रपिंडाला धोका होतो. बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं, तिथेच बायका पुन्हा गोळीकडे वळतात. म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने, दिवस ठरवून बंद करा. वहीत गोळीचा रकाना मी उगीच सांगितला नाही.

दुसरं कारण, कोंडलेला धूर. थंडीत दार-खिडकी लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही. याची खूण अशी की घरातल्या एकाचं नाही, सगळ्यांचं डोकं एकदम दुखतं, मळमळतं, आणि बाहेर अंगणात आलं की बरं वाटतं. असं झालं तर वहीत नोंद करत बसायचं नाही. सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढायचं, दारं उघडायची आणि १०८ ला फोन करायचा. शेगडी खोलीत ठेवून झोपायचंच नाही.

तिसरं कारण, खरोखरच कमी झोप. रात्री अकरापर्यंत काम, पहाटे चारला पाणी आलं म्हणून उठायचं. पाच तासांच्या झोपेने डोकं दुखणारच आणि पेंग येणारच. अशा बाईला तपासणीआधी पंधरा दिवस सात तास झोपू द्या. त्याने बरं वाटलं तर उत्तर मिळालं. सात-आठ तास झोपूनही पेंग जात नसेल तरच श्वासाची शंका पक्की होते.

आणि बीपीबद्दल एक गैरसमज. "डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं, नाही दुखलं म्हणजे बीपी नाही." तसं नसतं. बहुतेकांचं बीपी वाढलं तरी काहीच दुखत नाही. ते फक्त मोजूनच कळतं.

कधी थांबायचं नाही?

काही डोकेदुखींना वही, व्हिडिओ काही लागत नाही, थेट दवाखाना लागतो. आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक जोरात दुखलं. डोकेदुखीबरोबर तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलता येईना. ताप आणि मान आखडली. पहाटे दुखून उलट्या होतात, आडवं झालं की किंवा खोकलं की वाढतं, दिसायला धूसर होतं आणि दिवसेंदिवस जास्तच होतंय. डोक्याला मार लागल्यानंतर दुखतंय.

गरोदर बाईचं वेगळं सांगते. पाचव्या महिन्यानंतर डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, तोंडावर-हातावर सूज आली, तर त्याच दिवशी बीपी मोजा. गरोदरपणात नव्याने घोरणं सुरू झालं तर तेही नर्सताईंना सांगा. अशा बाईचं बीपी जास्त काळजीने बघावं लागतं.

आणि घरातली पुरुष मंडळी. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर चालवणारा, टेम्पो चालवणारा नवरा किंवा मुलगा मोठ्याने घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर तपासणी होईपर्यंत त्याला रात्रीची गाडी चालवू देऊ नका. त्याचा एक डुलका त्याच्यापुरता राहत नाही, समोरच्याच्याही अंगावर येतो. घरात भांडण झालं तरी चालेल, हे सांगा.

पुढच्या बैठकीत काय करायचं ते सांगून थांबते. प्रत्येक गटात एक प्रश्न विचारा : "तुझ्या घरात कोण मोठ्याने घोरतं, आणि त्याचा श्वास मध्येच थांबतो का?" ज्यांचं उत्तर "हो" येईल त्यांनी घरी जाऊन वही सुरू करायची आणि एक व्हिडिओ काढायचा. आठ दिवसांनी वही, मोबाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन उपकेंद्रात यायचं. आणि जी बाई एकटीच झोपते, जिचं घोरणं ऐकायला घरात कुणी नाही, तिच्याकडे एक रात्र गटातली दुसरी बाई मुक्कामाला जाऊ द्या. तिचा आजार एरवी कुणालाच दिसणार नाही.